पूजेतल्या मंत्रांना, कृतीला अर्थ असतो की नुसते नियम असतात? (स्टालचा निबंध वाचून)

बर्डीवाला
मंडळी, गणपतीच्या सुट्टीत फ्रिट्स स्टाल या डच अभ्यासकाचा १९७९चा एक निबंध वाचला, आणि तेव्हापासून डोकं जागेवर नाही. नावातच त्याने बॉम्ब टाकलाय, विधीची अर्थहीनता. हा माणूस कॅलिफोर्नियात बर्कलेला शिकवायचा, पण घरात बसून लिहिणारा नव्हता. १९७५च्या एप्रिलमध्ये केरळात पांजाळ गावी नंबुदिरी ब्राह्मणांनी अग्निचयन हा वैदिक यज्ञ केला, बारा दिवसांचा, पक्ष्याच्या आकाराची वेदी, विटांचे पाच थर, हजाराच्या वर विटा. ते सगळं त्याने पहिल्या दिवसापासून शेवटपर्यंत पाहिलं, रेकॉर्ड केलं, त्याची फिल्मही झाली.

तर एवढं बघून तो म्हणतो की करणाऱ्यांच्या डोक्यात त्या वेळी कुठलंच प्रतीक, कुठलाच गूढार्थ नसतो. वीट बरोबर जागी बसली का, पुढचा मंत्र कोणाचा, साम नीट गायलं का, बस. का करता विचारलं तर प्रत्येकाचं उत्तर वेगळं. वाडवडील करत आले, आमचा अधिकार आहे, समाजाचं भलं होतं, अमृतत्व मिळतं. तो म्हणतो की एकमेकांशी न जुळणारी ही उत्तरं विचारल्यावर सुचलेली आहेत, विधी त्यांच्यावर उभा नाही. विधी म्हणजे नियमाने बांधलेली कृती, तिच्यात व्याकरण आहे पण अर्थ नाही.

बर्डीवरून इतवारीत पोतं न्यायचं तर ऑटोने न्या की डोक्यावर, पोचलं म्हणजे झालं. पण विधीत अग्नी जुन्या यज्ञशाळेतून नव्या वेदीकडे नेताना तो पोचण्याला महत्त्वच नाही, कसा नेला याला आहे.

मला हे पटतंही आणि पटतही नाही. तुम्ही सांगा.

संत्रा_मोसंबी
काही नाही बाप्पा, आमच्या घरी पूजेत अर्थ एकच, प्रसादाचा शिरा. तो झाला का विधी संपला.

मृण्मयी_के
अगदी चूक आहे हा माणूस. आपल्या प्रत्येक विधीमागे शास्त्र आहे. घंटा वाजवली की जंतू मरतात, तांब्यातलं पाणी शुद्ध होतं, हवनाने हवा शुद्ध होते. परदेशी लोकांना हे कळत नाही म्हणून ते अर्थहीन म्हणतात. आणि मंत्राच्या ध्वनीलाच किंमत आहे, स्वर चुकला तर उलटं होतं. इंद्रशत्रूची गोष्ट सगळ्यांना माहीतच आहे.

बर्डीवाला
ताई, जंतू मेले तरी तो घंटेचा परिणाम झाला, अर्थ नाही. इंद्रशत्रूवर मात्र कोणीतरी जाणकाराने बोला.

रामटेककर
मी रामटेकला संस्कृत केलं आणि त्यातही मीमांसा, म्हणजे वेदातल्या विधिवाक्यांचा अर्थ लावायचं शास्त्र, म्हणून थोडं लांब लिहितो, कंटाळा आला तर सोडून द्या.

मृण्मयीताई, इंद्रशत्रूची गोष्ट तुमच्या बोलण्याच्या उलट बाजूने जाते. त्वष्ट्याला इंद्राला मारणारा हवा होता, म्हणून वृत्राला यज्ञातून उभा करताना त्याने इंद्रशत्रु हा शब्द म्हटला, पण स्वर भलत्या अक्षरावर दिला आणि त्याच शब्दाचा अर्थ ज्याला इंद्र मारील असा झाला, आणि वृत्र मेला. म्हणजे स्वर चुकला म्हणून अर्थ बदलला आणि अर्थ बदलला म्हणून फळ बदललं. ध्वनीच सगळं असता तर ही गोष्ट सांगायचं कारण नव्हतं. ध्वनी महत्त्वाचा हे तुमचं बरोबर, पण तो अर्थाला जागेवर धरून ठेवतो म्हणून.

आता स्टाल. हा वाद त्याने काढलेला नाही. यास्काचं निरुक्त म्हणजे वेदातल्या शब्दांचा उलगडा करणारा जुना ग्रंथ, त्यात कौत्स नावाचा माणूस येतो, तो सरळ म्हणतो की मंत्र अनर्थक आहेत. शब्द बदलता येत नाहीत, क्रम बदलता येत नाही, काही मंत्र एकमेकांच्या विरुद्ध बोलतात, काहींचा अर्थ लागतच नाही. यास्काचं उत्तर तर म्हणीसारखं झालंय, आंधळ्याला खांब दिसला नाही तर तो खांबाचा अपराध नव्हे. म्हणजे दोन हजार वर्षांपूर्वीच आपल्याकडे हे भांडण रंगलेलं आहे.

संत्रा_मोसंबी
म्हणजे कौत्साले पण कोणी शिऱ्याचं ताट दाखोलं नसन, म्हणून त्याले अनर्थक वाटलं.

भिक्षुक_महाल
नमस्कार. मी महालात भिक्षुकी करतो, वडिलांपासून. धागा वाचतोय, आता बोलावंच लागलं.

स्टालने डोक्यात काय चालतं ते लिहिलंय ना, ते शंभर टक्के खरं आहे. परवा एका घरी पंचामृत चाललं होतं. माझ्या डोक्यात काय होतं सांगतो. दूध, दही, तूप, मध, साखर पाच वाट्यांत वेगळं ठेवा म्हणून आधी फोनवर सांगितलं होतं, तर वहिनींनी सगळं आधीच एकत्र कालवून ठेवलेलं. आता त्या एकाच वाटीतून पाच वेळा थेंब थेंब सोडायचा आणि प्रत्येकाचा मंत्र वेगळा म्हणायचा, मध्ये मध्ये शुद्धोदक. यजमानाचा फोन वाजतोय, तो एका हाताने मूर्तीवर दूध ओततोय, मी डोळ्याने नको म्हणतोय आणि तोंडाने मंत्र चालूच आहे. यात गूढार्थ कुठून यायला.

पण मला मंत्रांचा अर्थ माहीत आहे. म्हणताना मनात येत नाही एवढंच.

कोडर_मिहान
गुरुजी हे भारी लिहिलंत. एक विचारू? एकत्र कालवलेल्यातून पाच वेळा चालतं का?

भिक्षुक_महाल
चालवून घ्यावं लागतं. घर सोडून जाता येत नाही.

बर्डीवाला
गुरुजी, पंचामृताचाच विषय निघाला तर तिथलेच मंत्र घेऊ. त्यांचा अर्थ आणि तिथली कृती जुळते का? तपासायला हीच जागा बरी, आपल्या सगळ्यांनी पाहिलेली.

रामटेककर
मी सांगतो, गुरुजींनी दुरुस्त करावं.

तुपाला जो मंत्र म्हणतात, घृतं मिमिक्षे, त्यात तूप खरोखर तूपच आहे, अग्नी तुपावर वाढतो वगैरे. मधाला मधु वाता ऋतायते, त्यातही मध आहे, वारा मधुर वाहो, नद्या मधुर वाहोत. हे दोन सरळ जुळतात. दुधाला आप्यायस्व, तो मूळचा सोमाचा, सोमा तू वाढ असा. साखरेला स्वादुः पवस्व, तोही सोमाचाच, फक्त स्वादु म्हणजे गोड म्हणून साखरेकडे आला. आणि दह्याला दधिक्राव्णो अकारिषं. हा मंत्र दधिक्रावा नावाच्या घोड्याचा आहे! जिंकणाऱ्या, वेगवान घोड्याची स्तुती मी केली, त्याने आमची तोंडं सुगंधी करावीत असा. त्यात दही कुठेच नाही. नावात दधि ऐकू येतं एवढ्यावर तो दह्याला लागला.

नवग्रहांत तर याहून मजा आहे. शनीला शं नो देवीरभिष्टये म्हणतात, तो पाण्याचा मंत्र आहे, पाणी आम्हाला सुखकर होवो. शं नो आणि शनि, एवढाच संबंध. केतूला केतुं कृण्वन्नकेतवे, त्यात केतु म्हणजे उजेड, ग्रहाचा पत्ता नाही.

कोडर_मिहान
😂😂 म्हणजे आमच्या गणपतीवर आजवर घोड्याचं कौतुक करत दही ओतलंय

संत्रा_मोसंबी
गणपतीले राग नसन येत. त्याच्या जवळ तर उंदीर हाय, घोडा मिळाला तर प्रमोशनच समजा.

मृण्मयी_के
मला यात हसण्यासारखं काही दिसत नाही. ज्यांनी हे मंत्र लावले ते आपल्यापेक्षा नक्कीच जास्त शिकलेले होते.

बर्डीवाला
ताई तेच तर. शिकलेले होते, अर्थ कळत होता, तरी लावला. म्हणजे स्टाल बरोबर निघाला ना? कुठला मंत्र कुठे हे अर्थाने ठरत नाही.

रामटेककर
नाही, एवढ्या घाईने नाही. दधिक्रावाचा मंत्र आवाजावरून लागला, तुपाचा अर्थावरून लागला. दोन्ही एकाच पूजेत आहेत. म्हणजे अर्थ हे एक कारण आहे, आवाज दुसरं, आणि सगळ्यांच्या वर आहे सरळ आज्ञा, म्हणजे ग्रंथात अमुक मंत्राने अमुक करा असं लिहिलेलं असणं.

मीमांसकांनी याची उतरंडच लावलीय. मंत्र कुठे वापरायचा हे ठरवायची सहा साधनं आहेत आणि भांडण झालं तर पहिलं जिंकतं. पहिली ती आज्ञा, तिला श्रुती म्हणतात. दुसरं लिंग, म्हणजे मंत्राच्या शब्दांत स्वतःहून जे सांगायची ताकद आहे ते. उदाहरणार्थ बर्हिर्देवसदनं दामि, देवांचं आसन असलेलं गवत मी कापतो. हा मंत्र गवत कापताना म्हणायचा हे वेगळं कोणी सांगायला नको, तो स्वतःच सांगतो. ही अर्थाची ताकद.

आता भांडणाचं उदाहरण. इंद्राची एक ऋचा आहे, कदाचन स्तरीरसि. शब्दांवरून पाहिलं तर इंद्राची उपासना. पण ग्रंथात आज्ञा आहे की इंद्राच्या या ऋचेने गार्हपत्य अग्नीजवळ उभं राहायचं. काय करायचं? निर्णय असा की आज्ञा जिंकली, ऋचा गार्हपत्याला. आणि मग अर्थ तिकडे वळवून घ्यायचा. म्हणजे अर्थ हरतो, पण स्पर्धेत असतो. स्टाल म्हणतो तो स्पर्धेतच नाही.

अनघा_ट
एवढं शास्त्र मला कळत नाही, माझं वेगळंच आहे. गेल्या वर्षी बाबा गेले. दहाव्याला घाटावर पिंड ठेवला आणि कावळा येईना. अर्धा तास झाला असेल, झाडावर चार बसलेले आणि एकही खाली येईना. आत्या म्हणाली इच्छा राहिली. मग काकाने जोरात सांगितलं की दादा, अनघाच्या घराचे हप्ते आम्ही बघू, काळजी करू नको. तरी नाही आला. आईचं तर रडणं थांबेना. शेवटी गुरुजींनी दर्भाचा कावळा करून त्याने स्पर्श केला आणि पुढचं सुरू झालं.

नियमाला दर्भ चालला. आम्हाला चालला का? आई अजून म्हणते बाबांच्या मनात काहीतरी होतं. मग अर्थ नाही कसं म्हणता.

संत्रा_मोसंबी
ताई, माझी मस्करी माफ. काका आठवले तुमचे, चांगला माणूस.

भिक्षुक_महाल
अनघाताई, दर्भाचा कावळा आम्ही करतो तो याचसाठी, कर्म अडू नये. आमच्या बाजूने स्पर्श झाला की झालं, तो पक्ष्याने केला की दर्भाने याने कर्मात उणं येत नाही. पण तुमच्या आईला तो वेळ जो लागला तो आमच्या पोथीत नाही, आणि तो खोटाही नाही. मी बाजूला उभा राहतो अशा वेळी, काही बोलत नाही.

बर्डीवाला
हे मला या धाग्यातलं सगळ्यात मोठं वाटतंय. एकाच क्षणी, एकाच पिंडाजवळ, गुरुजींकडे नियम आहे, अनघाताईंच्या आईकडे अर्थ आहे. स्टालने फक्त गुरुजींच्या बाजूला उभं राहून पाहिलं का?

नवीन_घर_बेसा
नमस्कार, आम्ही बेसाला फ्लॅट घेतलाय, वास्तुशांत करायची आहे. कोणी चांगले गुरुजी सुचवेल का, दक्षिणा किती घेतात साधारण? आणि हॉल लहान आहे तर हवन गॅलरीत चालतं का?

संत्रा_मोसंबी
भाऊ, इथं दोन हजार वर्षांचं भांडण सुरू हाय अन् तुम्ही गॅलरी विचारून राहिले 😂

भिक्षुक_महाल
मेसेज करा. गॅलरीत नको, वारा असतो, ठिणगी उडते, वरच्या मजल्यावर कपडे वाळत असतात. हॉलमध्येच, विटा खाली लावून त्यावर कुंड, आणि पंखा बंद.

दीक्षाभूमीजवळचा
सगळं वाचलं. मला एक सांगा, विधीला अर्थ नसेल तर तो नाकारायला अर्थ कुठून येतो?

१४ ऑक्टोबर १९५६ला याच नागपुरात बाबासाहेबांनी धम्म स्वीकारला आणि मग समोरच्या लाखो लोकांना दीक्षा दिली. बावीस प्रतिज्ञांत एक आहे, मी श्राद्धपक्ष करणार नाही, पिंडदान करणार नाही. आणखी एक, कोणतंही क्रियाकर्म ब्राह्मणाच्या हातून करून घेणार नाही. अर्थहीन हालचालच असती तर सोडायची प्रतिज्ञा कशाला घ्यायची? हसून सोडून दिलं असतं. आमच्या आजीने ती प्रतिज्ञा घेतली, त्या दिवशीच तिला कळलं की आपण काय सोडलं. पिंड कोणाच्या हातून, कोणाला पाणी भरायची परवानगी, कोण मंत्र ऐकू शकतो, हा सगळा त्या विधीचाच अर्थ होता, फक्त तो मंत्रात लिहिलेला नव्हता.

आणि तुमच्या रामटेककर दादांसाठी अजून एक. त्याच समारंभात त्रिशरण पालीत होतं, बुद्धं सरणं गच्छामि, मग दुतियम्पि, मग ततियम्पि. तीनच वेळा, कमी नाही जास्त नाही, आणि त्या मैदानावरच्या किती जणांना पाली येत होती? पण प्रतिज्ञा मराठीत होत्या. बाबासाहेबांनी दोन्ही ठेवलं. पाली जशीच्या तशी, आणि जे लोकांना समजूनच म्हणायचं होतं ते त्यांच्या भाषेत. स्टालला हे दिसलं असतं तर त्याने एकाच बाजूने नसतं लिहिलं.

अनघा_ट
हे वाचून अंगावर काटा आला. माझ्या डोक्यात हे कधी आलं नव्हतं.

मृण्मयी_के
हे राजकारण झालं, विधीचा अर्थ नव्हे. सामाजिक परिणाम आणि अर्थ वेगळे ठेवा.

दीक्षाभूमीजवळचा
ताई, घंटेने जंतू मरतात तो चालतो अर्थ म्हणून, आणि कोण बाहेर उभा राहतो तो राजकारण?

कोडर_मिहान
🔥

रामटेककर
भांडू नका, दोघांच्या बोलण्यात काही आहे. स्टालच्या बाजूने बोलायचं तर तो म्हणेल की तुम्ही सांगताय तो विधीचा समाजातला उपयोग, आणि उपयोग म्हणजे अर्थ नव्हे. पण त्याच्याच पांजाळला काय झालं बघा. अग्निचयनात बकऱ्यांचा बळी येतो. बातमी पसरली, लोकांनी विरोध केला, आणि शेवटी बकऱ्यांच्या जागी तांदळाच्या पिठाचे, केळीच्या पानात बांधलेले पिंड वापरले. आता करणाऱ्यांसाठी नियमाने चालणारा पर्याय होता, ठीक. पण बदल का झाला? बाहेरच्या लोकांना त्या बळीचा अर्थ लागत होता म्हणून. अर्थाने आत येऊन वस्तू बदलली. शिवाय शेख्नर नावाच्या नाट्य-अभ्यासकाने नंतर हेच बोट ठेवलं, की कॅमेरे आणि अभ्यासक समोर बसवून, त्यांच्यासाठीच उभा केलेला यज्ञ घेऊन तुम्ही म्हणता करणाऱ्यांना फक्त नियम दिसत होते, तर हे जरा जपून म्हणा.

बर्डीवाला
हे निबंधात नव्हतं. मग मीमांसकांकडे स्टालला कापेल असं एखादं उदाहरण आहे का, समाज वगैरे न आणता, विधीच्या आतलंच? नाहीतर तो म्हणेल तुम्ही बाहेरून बोलताय.

रामटेककर
आहे, आणि माझ्या मते तेच सगळ्यात बळकट आहे. त्याचं नाव ऊह. सावकाश लिहितो.

दर्शपूर्णमास म्हणजे अमावस्या-पौर्णिमेची इष्टी, ती मूळ साचा. बाकीच्या कित्येक इष्ट्या तिच्यावरून काढतात, त्यांची पूर्ण कृती वेगळी लिहिलेली नसते, मूळचीच घ्यायची आणि लागेल तिथे बदल करायचा. मूळ इष्टीत पुरोडाशासाठी, म्हणजे आहुतीच्या रोटीसाठी, धान्य काढताना अध्वर्यू नावाचा ऋत्विज मुठीने धान्य घेतो, तीन मुठी मंत्र म्हणून आणि चौथी मुकाट्याने. मंत्र असा, देवस्य त्वा सवितुः प्रसवे अश्विनोर्बाहुभ्यां पूष्णो हस्ताभ्याम् अग्नये जुष्टं निर्वपामि. सविता देवाच्या प्रेरणेने, अश्विनांच्या बाहूंनी, पूषाच्या हातांनी, अग्नीला आवडणारं हे मी काढतो.

आता सूर्यासाठी एक इष्टी आहे, ब्रह्मवर्चसाची, म्हणजे वेदविद्येच्या तेजाची, इच्छा असणाऱ्याने करायची. साचा तोच. पण आहुती सूर्याला, मग अग्नये कसं म्हणायचं? तिथे सूर्याय म्हणायचं. हा ऊह.

खरी गंमत आता. या एका मंत्रात किती देवांची नावं आली? सविता, अश्विन, पूषा, अग्नी. सूर्यासाठी करताना कोणतं बदलायचं? मीमांसक म्हणतात फक्त अग्नी. बाकीचे तसेच राहतात, कारण आहुती त्यांना नाही, ते फक्त मुठ घेण्याचं कौतुक करायला आलेत. आता मला सांगा, मंत्राला अर्थच नसता, नुसता आवाजाचा क्रम असता, तर चार नावांतून नेमकं हेच बदलायचं हे ठरवलं कशाने? वाक्य समजून घेतल्याशिवाय, कोण आहुती घेणारा आणि कोण नुसता ओळीत बसलेला हे कळल्याशिवाय ते ठरतच नाही. आवाजच सगळं असेल तर बदलायचीही गरज नव्हती, आहे तसं म्हणून टाका.

म्हणून माझं म्हणणं, करणाऱ्याच्या मनात त्या क्षणी अर्थ नसेल, पण नियम बनवताना अर्थ वापरला गेलाय. स्टालने मन पाहिलं, नियमाचा कारखाना नाही पाहिला.

कोडर_मिहान
हे एकदम क्लिअर झालं. पण याच्यावर स्टालचा माणूस म्हणणार की ऊह हा पण एक नियमच आहे की. देवता बदलली की नाव बदला. त्यात समजायचं काय.

रामटेककर
म्हणू शकतो. पण देवता कुठली हे ओळखायला तरी समजावं लागेल.

भिक्षुक_महाल
मला आमच्या रोजच्यातलं आठवलं. संकल्पात देश-काल सांगतो. पुण्याकडचे गुरुजी गोदावर्याः दक्षिणे तीरे म्हणतात, ते तिथे बरोबर आहे. आपण नागपूरकर गोदावरीच्या उत्तरेला, म्हणून आम्ही उत्तरे तीरे म्हणतो. बरेच जण पाठ केलेलं तसंच दक्षिणे म्हणून टाकतात. माझे वडील मागे बसलेले असले तर तिथेच खोकायचे आणि मी परत म्हणायचो. आमच्या दृष्टीने ती चूक आहे. मग अर्थ नाही असं मी कसं म्हणू? नाव, गोत्र, तिथी, नदीचा काठ, सगळं खरं असावं लागतं.

नवीन_घर_बेसा
गुरुजी तेवढं आमच्याकडे उत्तरेचंच म्हणा.

संत्रा_मोसंबी
माझ्या साळ्याचं घर न्यू जर्सीत. तिथं गुरुजींनी संकल्पात क्रौंचद्वीपे म्हटलं. पोट्टे म्हणत होते हे कोणतं स्टेट.

बर्डीवाला
दादा, पण मग ऊह आणि संकल्प एकाच पंक्तीत बसले ना? दोन्हीकडे प्रसंगाप्रमाणे खरं ते घालायचं.

रामटेककर
नाही, इथे एक खोच आहे आणि ती स्टालच्या बाजूची आहे, म्हणून सांगितलीच पाहिजे. मीमांसेची सूत्रं लिहिणारा जैमिनी म्हणतो की ऊह करून घातलेला शब्द मंत्र नाही. तसंच मंत्राच्या मध्ये येणारं यजमानाचं नाव, त्याचे प्रवर, तेही मंत्र नाही. कारण मंत्र तोच जो परंपरेत जसाच्या तसा पाठ झालेला आहे. सूर्याय हे तुम्ही घातलं, ते पाठात नव्हतं.

बर्डीवाला
थांबा. म्हणजे अर्थ समजून जो शब्द आपण घातला, तो शब्द घातल्याक्षणी मंत्रातून बाहेर पडला? आणि अर्थ न बघता जो पाठ झाला तोच मंत्र? हे तर स्टालच्या पदरात पडलं!

रामटेककर
तो एक शब्द बाहेर पडला, आजूबाजूचा मंत्र मंत्रच राहिला. आणि मीमांसक पुन्हा म्हणेल की पाठ झालेल्या मंत्रालाही अर्थ आहे, जसा लोकांच्या बोलण्यात असतो तसाच, वेदात शब्दाचा अर्थ वेगळा होत नाही. पण तू म्हणतोस ते टोचतं, हे मी कबूल करतो. मंत्रपण कशात आहे विचारलं तर उत्तर पाठ असं येतं, अर्थ असं येत नाही.

दीक्षाभूमीजवळचा
म्हणजे माझ्या भाषेत, पाली हे मंत्र आणि मराठी प्रतिज्ञा हे मंत्र नाही. आणि आमच्यासाठी त्या दिवशी जास्त वजन कशाला होतं ते विचारा कोणाही म्हाताऱ्याला. दोन्ही म्हणतील. पण तोंडपाठ विचारलं तर त्रिशरण सगळ्यांना येतं, प्रतिज्ञा बावीसच्या बावीस फार थोड्यांना.

मृण्मयी_के
तेच तर मी सुरुवातीपासून म्हणतेय, ध्वनी टिकतो.

दीक्षाभूमीजवळचा
टिकतो ताई, मान्य. पण जंतू नाही मरत.

अनघा_ट
😄 मृण्मयीताई, रागावू नका हं. गुरुजी, एक विचारायचं होतं, बाबांचं वर्षश्राद्ध येतंय. आई म्हणते तिला मंत्रांचा अर्थ ऐकायचा आहे, करताना सोबत सांगाल का? की त्याने खोटी होते?

भिक्षुक_महाल
खोटी होत नाही. मध्ये थांबून सांगतो. एवढंच की वेळ दुप्पट लागेल आणि बटाट्याची भाजी थंड होईल, म्हणून आधी सांगून ठेवा स्वयंपाकघरात. आणि अर्थ ऐकल्यावर आईंना काय वाटलं ते इथे नाही लिहिलं तरी मला सांगा, मला त्याची उत्सुकता आहे.

बर्डीवाला
रामटेककर दादा, निरुक्तातलं कौत्साचं म्हणणं पूर्ण कुठे वाचायला मिळेल मराठीत? आणि एक शंका, चौथी मूठ मुकाट्याने का?

रामटेककर
निरुक्ताचा पहिला अध्याय, शेवटाकडे, भाषांतरं ग्रंथालयात मिळतील. चौथ्या मुठीचं ब्राह्मणग्रंथांत अशा जागी काहीतरी कारण दिलेलं असतंच, प्रजापती मुका म्हणून त्याचं मुकाट्याने, असल्या पठडीतलं. ते कारण आधी आलं की मूठ आधी, यावर तू आणि मी उद्या भांडू, आता माझी बस आली.

संत्रा_मोसंबी
चौथी मूठ गुरुजीच्या झोळीतली असन, म्हणून गुपचूप.